शब्दांकनाधारित व्हिडिओ संपादन

शब्दांकनाधारित व्हिडिओ संपादन म्हणजे चित्रित केलेले बोलणे आधी लिखित मजकुरात उतरवून, त्या मजकुरातील शब्द वगळून किंवा हलवून व्हिडिओ कापण्याची पद्धत होय. या मजकुराला शब्दांकन किंवा ट्रान्सक्रिप्ट असे म्हणतात. त्यातील प्रत्येक शब्दासोबत तो ध्वनिमुद्रणात कोठे सुरू होतो व कोठे संपतो याची वेळ नोंदलेली असते. संपादकाने एखादा शब्द खोडला की त्या वेळेतील चित्र आणि ध्वनी दोन्ही वगळले जातात. मुलाखती, व्याख्याने, प्रवचने, साक्षी आणि मौखिक इतिहासाची ध्वनिचित्रमुद्रणे यांसाठी ही पद्धत प्रामुख्याने वापरली जाते.

या पद्धतीत संपादक ऐकण्याऐवजी वाचून निर्णय घेतो. त्यामुळे शब्दांकनात जे चुकले आहे किंवा मुळात उतरलेलेच नाही, ते त्याच्या नजरेबाहेर राहते. मराठीसारख्या भाषेत नकार वाक्याच्या अखेरीस येतो, तर गोरबोलीसारख्या भाषा बहुतेक वाक्-ओळख प्रणालींना ठाऊक नसतात. अशा ठिकाणी या उणिवेचे परिणाम गंभीर होतात आणि कापणीनंतरची अचूकता-तपासणी हा संपादनाचाच भाग ठरतो.

## पार्श्वभूमी

बोलणे कागदावर उतरवून त्यावरून चित्रपट कापण्याची रीत संगणकापेक्षा जुनी आहे. माहितीपटांचे संपादक मुलाखती टंकलिखित करून घेत, कागदाच्या पट्ट्या कात्रीने कापून त्यांचा क्रम लावत आणि तो क्रम समोर ठेवून मग फीत कापत. याला ‘कागदी संपादन’ म्हटले जाई. कागदावरचा निर्णय आणि फितीवरची जागा यांची सांगड मात्र माणसालाच घालावी लागे.

ही सांगड संगणकाकडून घालून घेण्याचे प्रयत्न या शतकाच्या आरंभी दिसतात. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात २००२ च्या सुमारास ‘सिल्व्हर’ नावाचा प्रायोगिक संपादक तयार झाला. त्यात शब्दांकनातील मजकूर निवडल्यावर व्हिडिओतील तेवढा भाग निवडला जाई. २००७ मध्ये ॲव्हिड कंपनीच्या ‘स्क्रिप्टसिंक’ने हाताने लिहिलेली संहिता ध्वनीवर आपोआप बसवण्याची सोय व्यावसायिक संपादकांना दिली. २०१२ मध्ये बर्थूझोझ, ली आणि अग्रवाला यांनी मुलाखतीच्या व्हिडिओत मजकुराच्या आधारे कापण्याच्या योग्य जागा सुचवणारी पद्धत मांडली. पुढे ‘डिस्क्रिप्ट’ या आज्ञावलीने ही पद्धत सामान्य वापरकर्त्यांपर्यंत पोहोचवली. २०२३ मध्ये ‘ॲडोबी प्रीमियर प्रो’ आणि ‘दा विंची रिझॉल्व्ह’ या प्रचलित आज्ञावलींतही ती आली. मराठीपुरता महत्त्वाचा टप्पा सप्टेंबर २०२२ चा मानता येईल. त्या महिन्यात ओपनएआयने ‘व्हिस्पर’ ही वाक्-ओळख प्रणाली मुक्तपणे उपलब्ध केली आणि तिच्या भाषांच्या यादीत मराठी होती. बंजारा समाजाची गोरबोली त्या यादीत नव्हती.

## कार्यपद्धती

वाक्-ओळख प्रणाली ध्वनीचे मजकुरात रूपांतर करते. त्यानंतर, किंवा त्याच ओघात, प्रत्येक शब्दाची सुरुवात व शेवट ठरवला जातो. या दुसऱ्या क्रियेला जुळवणी म्हणतात. शब्दांकन हाताने केलेले असले तरी जुळवणी यंत्राकडून करून घेता येते, कारण मजकूर आधीच ठाऊक असतो आणि तो ध्वनीवर कोठे बसतो एवढेच शोधायचे असते.

खोडलेल्या शब्दांमुळे मूळ धारिकेत काहीही बदलत नाही. आज्ञावली केवळ एक यादी ठेवते, आणि मूळ व्हिडिओतील अमुक सेकंदापासून अमुक सेकंदापर्यंतचा भाग दाखवायचा, नंतरचा सोडायचा, हे त्या यादीत लिहिलेले असते. त्यामुळे खोडलेला शब्द केव्हाही परत आणता येतो. मात्र तयार व्हिडिओ निर्यात करून मूळ धारिका टाकून दिली, तर ही सोय संपते. नंतर कोणी आक्षेप घेतला तर पडताळायला काहीच उरत नाही.

जुळवणीतील वेळा अचूक वाटल्या तरी त्या अंदाजच असतात. सलग बोलण्यात दोन शब्दांमध्ये फट असतेच असे नाही. ‘येत नाही’ हे बोलताना एकाच श्वासात ‘येतनाही’ असे होते, आणि वऱ्हाडीत ‘नाही’चे ‘नाई’ होऊन ते आणखी आखडते. यंत्राने अशा ठिकाणी आखलेली सीमा खऱ्या सीमेपेक्षा काही शतांश सेकंद मागे-पुढे असणे नित्याचे आहे. भारतात चित्रण बहुधा सेकंदाला २५ फ्रेमने होते, म्हणजे एक फ्रेम ०.०४ सेकंदाची असते. चित्र फ्रेमच्या सीमेवरच कापता येते. ध्वनी त्याहून कितीतरी बारीक कापता येतो. म्हणून चित्र फ्रेमवर कापून ध्वनीच्या सांध्यावर १० ते २० सहस्रांश सेकंदांचे मिश्रण देतात, म्हणजे एक आवाज उतरत असताना दुसरा चढवतात. हे मिश्रण दिले नाही तर सांध्यावर ‘टक्’ असा आवाज ऐकू येतो.

सांध्यावर बोलणाऱ्याचे डोकेही एकदम हलल्यासारखे दिसते. हा दोष झाकण्यासाठी त्या जागी पूरक दृश्य ठेवतात: बोलणाऱ्याचे हात, समोरचे श्रोते, मंदिराचा परिसर. यातली एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. पूरक दृश्याने सांधा झाकला की प्रेक्षकाला तेथे काही कापले आहे याचा सुगावाही उरत नाही. सांधा उघडा दिसणे हा तांत्रिक दोष असला तरी त्यातून प्रेक्षकाला एक माहिती मिळत असते, आणि वादग्रस्त विषयावरील मुलाखतीत काही संपादक सांधे मुद्दाम उघडे ठेवतात.

## एक नमुना: पोहरादेवी येथील मुद्रण

वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे बंजारा समाजाचे सर्वांत महत्त्वाचे तीर्थक्षेत्र असून त्याला ‘बंजारा काशी’ असेही म्हणतात. येथे जगदंबा देवीचे मंदिर आणि संत सेवालाल महाराजांची समाधी आहे. रामनवमीच्या यात्रेला महाराष्ट्राबरोबरच तेलंगण, आंध्र प्रदेश आणि कर्नाटकातूनही भाविक येतात. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी येथे बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. या ठिकाणी कानावर पडणारे बोलणे एका भाषेचे नसते. एकच वक्ता वऱ्हाडी वळणाच्या मराठीत सुरुवात करतो, समाजबांधवांना उद्देशून गोरबोलीत शिरतो आणि परराज्यातील पाहुण्यांसाठी हिंदीत येतो. पाठीमागे नगारा आणि ध्वनिक्षेपक चालू असतात. शब्दांकनाधारित संपादनाच्या जवळपास सर्व अडचणी अशा मुद्रणात एकत्र भेटतात.

पुढील उदाहरण पद्धत समजावण्यासाठी रचलेले आहे. ते कोणा व्यक्तीचे विधान नाही. समजा, यात्रेच्या दिवशी एका वृद्ध गृहस्थांची मुलाखत घेतली आणि वर्गणीविषयी विचारल्यावर त्यांनी एक वाक्य उच्चारले. ऑडॅसिटी या आज्ञावलीतून शब्दनिहाय खुणा बाहेर काढल्या तर त्या पुढीलप्रमाणे दिसतील. पहिला आकडा शब्दाच्या आरंभाचा व दुसरा शेवटाचा असून दोन्ही सेकंदांत आहेत.

```
12.10	12.44	आमच्या
12.46	13.21	तांड्यात
13.60	14.02	म्हणजे
14.10	14.58	वर्गणी
14.62	15.27	प्रत्येकानं
15.30	15.66	दिलीच
15.68	16.12	पाहिजे
17.02	17.25	असं
17.25	17.61	नाही
```

संपादकाला पहिल्यांदा ‘म्हणजे’ खटकतो. येथे तो केवळ भरीचा शब्द आहे, तेव्हा तो काढण्यास हरकत नाही. शब्द १३.६० ला सुरू होतो म्हणून नेमके तेथेच कापले तर आधीची ०.३९ सेकंदांची शांतता तशीच राहते आणि वाक्य अडखळल्यासारखे वाटते. त्याऐवजी ‘तांड्यात’ संपल्यावर थोडा अवकाश ठेवून १३.२८ ला बाहेर पडावे आणि ‘वर्गणी’ सुरू होण्याच्या किंचित आधी १४.०४ ला परत यावे. दोन्ही वेळा ०.०४ च्या पटीत असल्यामुळे फ्रेमच्या सीमेवर बसतात. एकूण १९ फ्रेम, म्हणजे ०.७६ सेकंद वगळले जातात. दोन शब्दांमध्ये ०.१३ सेकंद उरतात, आणि तेवढा अवकाश नेहमीच्या बोलण्यात स्वाभाविक वाटतो.

खरी अडचण ‘पाहिजे’नंतर आहे. तेथे वक्ता ०.९० सेकंद थांबला. एवढा विराम दिसला की बहुतेक प्रणाली वाक्य संपले असे समजतात, ‘पाहिजे’पुढे पूर्णविराम देतात आणि ‘असं नाही’ नव्या ओळीवर टाकतात. ओळीवर एकटे पडलेले ‘असं नाही’ वाचताना वक्ता स्वतःलाच दुरुस्त करू पाहत असल्यासारखे दिसते. बोलताना माणसे त्या अर्थानेही हे शब्द वापरतात. पुढच्या ओळीत विषय बदलला असेल तर घाईतला संपादक ते अर्धवट बोलणे समजून खोडतो. आता व्हिडिओत ऐकू येते: ‘आमच्या तांड्यात वर्गणी प्रत्येकानं दिलीच पाहिजे.’ वक्त्याने याच्या नेमके उलट सांगितले होते. सांधा मात्र निर्दोष आहे, कारण कापणी विरामात झाली आहे. तेथे ना आवाज तुटला, ना शब्द अर्धवट राहिला.

## मराठी वाक्यरचनेमुळे येणारे धोके

वरील चूक योगायोगाने घडत नाही. इंग्रजीत नकार बहुधा क्रियापदाच्या आधी येतो, त्यामुळे वाक्याची शेपटी कापली तरी नकार सहसा शाबूत राहतो. या आज्ञावलींची घडण प्रामुख्याने इंग्रजी मजकुरावर झाली. मराठीत ‘नाही’, ‘नव्हते’, ‘नको’, ‘नये’, ‘नव्हे’ ही सारी रूपे वाक्याच्या टोकाला बसतात, आणि वाक्य लांबले की बोलणारा नेमका तेथेच आवाज उतरवतो. हळू उच्चारलेला शेवटचा शब्द यंत्राच्या कानातून निसटण्याची शक्यता सर्वाधिक असते. यात्रेच्या गलबल्यात ती आणखी वाढते.

वाक्याच्या अखेरीस नकाराइतकीच महत्त्वाची आणखी एक गोष्ट येते. ‘या झाडाखाली तांडा उतरायचा असे म्हणतात’ या वाक्यातले शेवटचे दोन शब्द काढले तर आख्यायिका हे ठाम विधान बनते. पोहरादेवीसारख्या ठिकाणी सांगितल्या जाणाऱ्या आठवणींत ‘असं म्हणतात’, ‘असं आजोबा सांगायचे’, ‘ऐकलं आहे’ हे शब्द वारंवार येतात आणि वाचताना पाल्हाळ वाटतात. मौखिक इतिहासात मात्र सांगणाऱ्याने स्वतः पाहिले की दुसऱ्याकडून ऐकले, हा फरक त्या शब्दांवरच उभा असतो. व्हिडिओ आटोपशीर करण्याच्या नादात हा फरक पुसला गेला, तर पुढचा अभ्यासक त्या ध्वनिचित्रफितीचा साक्ष म्हणून चुकीचा आधार घेईल.

भरीचे शब्द एका आदेशाने सर्वत्र काढून टाकण्याची सोय अनेक आज्ञावलींत असते. मराठीत ती जपून वापरावी लागते. ‘म्हणजे’ हा शब्द भरीचा असतो तसाच व्याख्येचाही असतो. ‘नायक म्हणजे तांड्याचा प्रमुख’ या वाक्यातून तो काढला तर ‘नायक तांड्याचा प्रमुख’ एवढे तुटक बोलणे उरते. ‘की नाही’ हे पालुपद काढण्यासाठी ‘नाही’ या शब्दाचा शोध घेतला, तर खरे नकारही त्याच जाळ्यात सापडतात. ‘च’ आणि ‘ही’ ही अव्यये शब्दाला चिकटून येत असल्यामुळे ती एकटी खोडता येत नाहीत. मजकुरात ‘दिलीच’चे ‘दिली’ केले तरी ध्वनीत काहीच बदलत नाही, कारण त्या ‘च’ला स्वतंत्र वेळ दिलेली नसते. तेव्हा मजकुरातील दुरुस्ती आणि मजकुरातील कापणी या दोन वेगळ्या क्रिया आहेत. नवख्या संपादकांची सर्वाधिक गल्लत येथेच होते: उपशीर्षके दुरुस्त करायला जावे आणि नकळत व्हिडिओ कापून बसावे, किंवा याच्या उलट. चांगल्या आज्ञावलीत या क्रियांसाठी स्वतंत्र कळ असते. काम सुरू करण्यापूर्वी ती कोणती हे पाहून घेणे इष्ट.

## गोरबोलीचे भाग

गोरबोली किंवा गोरमाटी ही राजस्थानी गटाशी नाते असलेली इंडो-आर्य भाषा आहे. ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा पाहणीच्या नवव्या खंडात तिची नोंद ‘बंजारी किंवा लभाणी’ अशी आहे. जनगणनेत ती लमाणी किंवा लंबाडी या नावाने हिंदीच्या अंतर्गत मोजली जाते आणि २०११ मध्ये तेथे ३२ लाखांहून अधिक भाषक नोंदले गेले. तिला स्वतःची प्रचलित लिपी नाही. महाराष्ट्रात ती देवनागरीत लिहितात, तर तेलंगणात तेलुगू आणि कर्नाटकात कन्नड लिपीत.

मराठी निवडून चालवलेली वाक्-ओळख प्रणाली गोरबोलीपुढे थांबत नाही. ती ऐकू आलेले आवाज जवळच्या मराठी शब्दांत बसवते. गोरबोलीत ‘मार’ म्हणजे माझा आणि ‘तार’ म्हणजे तुझा. मराठी डोळ्याला ते मारणे आणि विजेची तार वाटतात. ‘मार याडी’, म्हणजे माझी आई, हे शब्द मजकुरात कोणत्या रूपाने उतरतील याचा नेम नाही. सर्वांत घातक शब्द ‘कोनी’. गोरबोलीत तो क्रियापदानंतर येणारा नकार आहे. मराठी प्रणाली त्याचे सहज ‘कोणी’ करू शकते आणि मग वाक्याच्या शेवटी लोंबणारे निरर्थक ‘कोणी’ म्हणून संपादक तो खोडून टाकतो. अशा रीतीने दोन भाषांतले दोन वेगळे नकार एकाच प्रकारच्या कात्रीत सापडतात.

यापेक्षा मोठे नुकसान शब्दाचे नसून संपूर्ण परिच्छेदाचे होते. गोरबोलीचा भाग मजकुरात असंबद्ध दिसतो, आणि असंबद्ध मजकूर पाहिला की तो वगळण्याकडे हात जातो. गाण्याच्या आणि नगाऱ्याच्या जागी तर मजकूरच नसतो, किंवा यंत्राने शांततेत काल्पनिक वाक्ये घुसवलेली असतात. वाचून कापलेल्या व्हिडिओत वक्त्याचे मराठी आणि हिंदी बोलणे राहते, आपल्या माणसांशी आपल्या भाषेत केलेले बोलणे गळते. हे कोणी ठरवून केलेले नसते आणि म्हणूनच लक्षातही येत नाही.

यावर उपाय कष्टाचा असला तरी सोपा आहे. कापणीपूर्वी संपूर्ण मुद्रण एकदा ऐकून भाषा कोठे बदलते त्या वेळा नोंदवाव्यात. गोरबोलीचे भाग ती भाषा बोलणाऱ्या व्यक्तीकडून देवनागरीत उतरवून घ्यावेत. या कामासाठी नेदरलँड्समधील मॅक्स प्लँक संस्थेची ‘इलान’ ही मोफत आज्ञावली भाषाअभ्यासकांत रूढ आहे. तिच्यात एकाखाली एक स्तर ठेवता येतात: वर गोरबोली, खाली मराठी भाषांतर. कापणी नेहमी वरच्या स्तरावरून करावी. भाषांतरातील शब्दांना ध्वनीत स्वतःची जागा नसते आणि दोन भाषांतील शब्दक्रम प्रत्येक वेळी जुळेलच असे नाही, त्यामुळे भाषांतर वाचून शब्द खोडणे म्हणजे अंदाजाने कापणे होय. आवाज, गाणी आणि विराम यांसाठीही मजकुरात चौकटी कंसातील नोंदी कराव्यात, उदा. [नगारा, १४ सेकंद]. नोंद असली की तो भाग निदान वाचणाऱ्याच्या नजरेस तरी पडतो.

## कापणीनंतरची अचूकता-तपासणी

तपासणीत दोन वेगळे प्रश्न असतात. व्हिडिओत जे ऐकू येते तेच मजकुरात आहे काय, हा पहिला. वक्ता जे म्हणाला तेच कापलेल्या व्हिडिओतून कळते काय, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाला यंत्राची मदत होते, दुसऱ्याला होत नाही.

पहिल्यासाठी तयार व्हिडिओचा ध्वनी वेगळा काढून त्याचे नव्याने शब्दांकन करतात आणि संपादित मजकुराशी ताडून पाहतात. ध्वनी वेगळा काढण्याचा नेहमीचा आदेश असा:

```
ffmpeg -i kaplela.mp4 -vn -ac 1 -ar 16000 tapas.wav
```

यात चित्र वगळून एकाच मार्गिकेचा, सेकंदाला १६,००० नमुन्यांचा ध्वनी तयार होतो. व्हिस्परला तो याच स्वरूपात लागतो. दोन मजकुरांतील फरक शब्द-त्रुटी दराने मोजण्याची प्रथा आहे. बदललेले, गळलेले आणि जादा आलेले शब्द यांची बेरीज करून तिला मूळ शब्दसंख्येने भागले की हा दर मिळतो.

आकडा सोपा असल्यामुळे त्यावर विसंबण्याचा मोह होतो. वरचे नऊ शब्दांचे वाक्य पुन्हा पाहू. यंत्राने ‘प्रत्येकानं’च्या जागी ‘प्रत्येकाने’ लिहिले तर नऊपैकी एक चूक, म्हणजे सुमारे ११ टक्के. यंत्राने ‘नाही’ गाळले तरी नऊपैकी एकच चूक, तेच ११ टक्के. पहिल्या चुकीने कोणाचे काही बिघडत नाही, दुसरीने विधान उलटते. म्हणून दर काढण्यापेक्षा फरकांची यादी वाचणे अधिक उपयोगी असते. त्यातही नकार, संख्या, व्यक्तिनामे, गावांची नावे आणि ‘असे म्हणतात’ यांसारखे शब्द आधी पाहावेत.

देवनागरीत या मोजणीची आणखी एक खोच आहे. तुलना करण्यापूर्वी विरामचिन्हे वगैरे काढून मजकूर एकसारखा करतात. व्हिस्परसोबत येणारी इंग्रजीखेरीज इतर भाषांसाठीची साधी शुद्धीकरण-प्रक्रिया हे करताना युनिकोडमधील ‘चिन्ह’ वर्गातील अक्षरेही काढून त्या जागी रिकामी जागा ठेवते. देवनागरीतील काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि हलन्त याच वर्गात मोडतात. परिणामी ‘दिली’, ‘दिले’ आणि ‘दिला’ या तिन्हींतून केवळ ‘द’ आणि ‘ल’ उरतात आणि त्यांच्यातला फरक मोजलाच जात नाही. मराठीसाठी मात्रा न काढणारी प्रक्रिया वापरावी. केवळ लेखनभेद असलेली रूपे, उदा. ‘असं’ आणि ‘असे’, एक मानायची की नाही हे आधीच ठरवून लिहून ठेवावे.

पुनर्शब्दांकनाची मर्यादाही लक्षात घ्यावी लागते. ज्या प्रणालीने पहिले शब्दांकन केले तिच्याकडूनच दुसरे करून घेतले तर ती त्याच जागी तीच चूक करण्याची शक्यता असते, आणि मग दोन्ही मजकूर जुळतात. शिवाय अशा प्रणाली संदर्भावरून शब्द पूर्ण करतात. सांध्यावर ‘वर्गणी’तला ‘व’ कापला गेला असेल, तरी ती ‘वर्गणी’ असेच लिहील. माणसाच्या कानाला मात्र ‘र्गणी’ ऐकू येते. अडखळणे आणि पुनरुक्ती या प्रणाली बऱ्याचदा लिहीतच नाहीत, त्यामुळे मजकुरात नसलेला ‘अं’ व्हिडिओत राहून जातो.

म्हणून प्रत्येक सांधा कानांनी तपासावा लागतो. सांध्याच्या आधीचे व नंतरचे दोन-दोन सेकंद, पडद्याकडे न पाहता, शक्यतो हेडफोन लावून ऐकावेत. चित्र समोर असले की ओठांवरून मेंदू न ऐकलेला आवाजही भरून काढतो. शब्दाचे टोक तुटले असेल, पाठीमागच्या नगाऱ्याचा ठेका मध्येच उडी मारत असेल किंवा ध्वनिक्षेपकाचा गुंजारव एकदम बदलत असेल, तर सांधा दोन-तीन फ्रेम सरकवून पुन्हा ऐकावा. ठेक्याची उडी बोलण्यातल्या दोषापेक्षा लवकर जाणवते. यात्रेतल्या मुद्रणात पुष्कळदा बोलण्याचा विराम सोडून ठेक्याच्या मात्रेवर कापावे लागते.

दुसऱ्या प्रश्नासाठी संपादित मजकूर आणि पूर्ण मजकूर शेजारी ठेवून, कापणी न केलेल्या व्यक्तीने दोन्ही वाचावेत. वगळलेले शब्द पुसून न टाकता आडवी रेघ मारून दाखवले तर हे काम सुकर होते. नमुन्यातील वाक्य अशा स्वरूपात पाहिले की ‘~~म्हणजे~~’ आणि ‘~~असं नाही~~’ यांतला फरक क्षणात ध्यानात येतो. संपादकाला तो दिसला नव्हता, कारण त्याच्यासमोर उरलेलाच मजकूर होता. प्रत्येक वगळलेल्या तुकड्याच्या आधीचे व नंतरचे एक पूर्ण वाक्य वाचून, मधला तुकडा नसताना अर्थ तोच राहतो काय, हे वाचणाऱ्याने सांगायचे असते. गोरबोलीच्या भागांसाठी ही व्यक्ती ती भाषा बोलणारी असावी आणि तिने मूळ ध्वनी ऐकूनच निर्णय द्यावा. मुलाखत देणाऱ्याला निर्यातीपूर्वी कापलेला व्हिडिओ दाखवणे शक्य असेल तर ही तपासणी सर्वांत खात्रीची होते. आपण काय म्हणालो याची आठवण पुसट असली, तरी आपण काय म्हणणार नाही हे त्याला पक्के ठाऊक असते.

मूळ धारिका, पूर्ण शब्दांकन, कापणीची यादी आणि निर्यात केलेला व्हिडिओ हे चारही एकत्र जतन करतात. मूळ धारिकेची `sha256sum` या आदेशाने काढलेली संख्या सोबत लिहून ठेवली, तर ती धारिका नंतर बदलली गेली नाही हे कोणालाही पडताळून पाहता येते.